गोषवाऱ्यातला प्रत्येक आकडा

सोमवार, 3 नोव्हेंबर 2025

आमच्या विभागातला लेख आता शेवटच्या टप्प्यात आहे. शस्त्रक्रियेनंतर जखमेत होणाऱ्या जंतुसंसर्गावरचा, दोन गटांची तुलना करणारा. पुढच्या सोमवारी तो जर्नलकडे जायचा आहे. पहिली लेखिका तिसऱ्या वर्षाची रेसिडेंट आहे. दुपारी प्रिंटआउट घेऊन आली आणि म्हणाली, "मॅडम, सगळं झालंय. गोषवाऱ्यावर तुम्ही फक्त एकदा नजर टाका."

नजर टाकून हे काम होत नाही, हेच तिला आधी सांगितलं. आकडे ओळखीचे झालेले असतात. ओळखीचा आकडा दिसला की डोळा पुढे सरकतो. तो बरोबर आहे की नाही, हे तपासायला थांबत नाही.

तिच्या लेखाचा इतिहास आमच्याकडच्या बहुतेक लेखांसारखाच आहे. गोषवारा सगळ्यात आधी लिहिला गेला, गेल्या हिवाळ्यातल्या परिषदेसाठी. तेव्हा काही रुग्णांचा पाठपुरावा पुरा व्हायचा होता. नंतर मास्टर चार्ट साफ करताना काही रुग्णांची नोंद दोनदा झाल्याचं दिसलं आणि जास्तीच्या नोंदी काढल्या. तक्ते सॉफ्टवेअरमधून नव्याने निघाले, त्यामुळे तिथे सगळं आपोआप बदललं. गोषवारा मात्र हाताने लिहिलेला. एका वेळी एक वाक्य सुधारत तो इथवर आला आहे आणि त्यात दोन वेगवेगळ्या महिन्यांतले आकडे शेजारी शेजारी बसलेले असू शकतात. ही चूक निष्काळजीपणाची नाही, कामाच्या क्रमातून येणारी आहे. म्हणून ती शोधायची पद्धतही ठरलेली हवी.

पद्धत साधी आहे. गोषवारा कागदावर छापून घ्यायचा. त्यातल्या प्रत्येक आकड्याभोवती पेन्सिलीने गोल करायचा. शब्दांत लिहिलेले आकडेही त्यात आले: 'निम्म्याहून अधिक', 'दुप्पट', 'सहा आठवडे'. मग प्रत्येक गोलासमोर समासात त्या आकड्याचा पत्ता लिहायचा: तक्ता कितवा, ओळ कोणती, रकाना कोणता, मजकुरात पान कितवं. पत्ता लिहिता आला तर टिक. आकडा वेगळा निघाला तर फुली. पत्ताच सापडला नाही तर प्रश्नचिन्ह, आणि हे प्रश्नचिन्ह फुलीइतकंच गंभीर धरायचं. जो आकडा लेखात कुठेच नाही, तो गोषवाऱ्यात असता कामा नये.

तिच्या लेखातले आकडे छापून येईपर्यंत इथे लिहिणार नाही. सरावासाठी उद्या जुना, सगळ्यांना खुला असलेला लेख घेऊ.


मंगळवार, 4 नोव्हेंबर

सरावाचा लेख 30 ऑक्टोबर 1948 च्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधला. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने फुप्फुसाच्या क्षयावर केलेली स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी. रुग्णांची गटांत यादृच्छिक संख्यांच्या आधाराने विभागणी केलेली म्हणून हा लेख आमच्या विषयात प्रत्येकाला शिकवला जातो, आणि ती विभागणी आखण्यात ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांचा मोठा वाटा होता. मला तो आवडतो वेगळ्या कारणासाठी. त्यातला मुख्य तक्ता इतका लहान आहे की बोटांवर पडताळता येतो.

एका गटाला स्ट्रेप्टोमायसिन आणि पलंगावर विश्रांती, दुसऱ्या गटाला नुसती विश्रांती. पहिल्यात 55 रुग्ण, दुसऱ्यात 52. सहा महिन्यांनी एक्स-रे पाहून केलेलं वर्गीकरण असं:

स्ट्रेप्टोमायसिन गटात लक्षणीय सुधारणा 28, मध्यम किंवा थोडी सुधारणा 10, विशेष बदल नाही 2, मध्यम किंवा थोडी घसरण 5, लक्षणीय घसरण 6, मृत्यू 4.

विश्रांतीच्या गटात याच क्रमाने 4, 13, 3, 12, 6 आणि 14.

पहिली ओळ 55 होते, दुसरी 52. बेरीज जुळली की पुढे जायचं. हे मी तिच्याकडून तोंडी करून घेतलं. गोषवारा तक्त्याशी ताडून पाहण्याआधी तक्ता स्वतःशी जुळतो का ते पाहायला हवं.

मग तिला म्हटलं, या लेखाचा निष्कर्ष तीन वाक्यांत लिही. अर्ध्या तासाने कागद आला: "109 रुग्णांची यादृच्छिक विभागणी करून 55 जणांना स्ट्रेप्टोमायसिन देण्यात आले. सहा महिन्यांनी 51 टक्के रुग्णांत सुधारणा दिसली, तर केवळ विश्रांती घेणाऱ्यांत हे प्रमाण 8 टक्के होते. मृत्यूचे प्रमाण 20 टक्क्यांनी कमी झाले."

यातला एकही आकडा तिने हवेतून आणलेला नाही, आणि तरीही तिन्ही वाक्यं अडतात. एकेक करून बसलो.

109 हा आकडा लेखात आहे. पण तो चाचणीसाठी स्वीकारलेल्या रुग्णांचा. त्यातले दोघे सुरुवातीच्या निरीक्षणाच्या आठवड्यातच वारले आणि विश्लेषणात 107 उरले. 55 आणि 52 मिळून 107 होतात. गोषवाऱ्यात 109 लिहून लगेच 55 लिहिलं, तर वाचक वजाबाकी करून दुसऱ्या गटात 54 जण होते असं समजतो. असा गट लेखात कुठेच नाही. दोन्ही आकडे द्यायचे असतील तर मधले दोन रुग्ण कुठे गेले तेही लिहायला हवं. जागा नसेल तर 107 द्यायचा, कारण पुढची प्रत्येक टक्केवारी त्याच्यावर उभी आहे.

दुसऱ्या वाक्यावर ती अडून बसली. "मॅडम, 28 भागिले 55 म्हणजे 50.9. एक्कावन्न बरोबरच आहे ना!" आकडा बरोबर आहे, त्याचं नाव चुकलं आहे. 51 टक्के ही 'लक्षणीय' सुधारणा. नुसतं 'सुधारणा' म्हटलं की थोडी सुधारणा झालेले दहा जणही त्यात येतात. मग 38 भागिले 55, म्हणजे 69 टक्के. दुसऱ्या गटात 4 अधिक 13 म्हणजे 17, भागिले 52, म्हणजे 33 टक्के. एक विशेषण गळालं आणि 51 विरुद्ध 8 हे अंतर 69 विरुद्ध 33 च्या नावाखाली गेलं. गोषवाऱ्याला शब्दमर्यादा असते, बऱ्याच ठिकाणी 250 ची, आणि शब्द कापताना पहिला बळी अशाच विशेषणांचा जातो. म्हणून पत्ता लिहिताना ओळीचं नाव अक्षरशः जसं आहे तसं समासात उतरवायचं, मनातल्या मनात सोपं करून नाही.

तिसरं वाक्य नेहमीचं. मृत्यू 7 टक्के आणि 27 टक्के, फरक 20. पण 27 वरून 7 वर येणं म्हणजे 20 टक्क्यांनी कमी होणं नव्हे. 27 च्या 20 टक्क्यांनी कमी झालं असतं तर प्रमाण 22 च्या आसपास राहिलं असतं. इथे 4 भागिले 55 आणि 14 भागिले 52 यांचं गुणोत्तर 0.27 येतं, म्हणजे मृत्यूचा धोका 73 टक्क्यांनी घटला. टक्केवारीतला फरक सांगायचा असेल तर 'टक्केबिंदू' म्हणायचं, किंवा सरळ दोन्ही प्रमाणं शेजारी द्यायची. मला दुसरं जास्त पटतं. 7 आणि 27 शेजारी लिहिले की वाचकाची फसगत होत नाही.

जाता जाता तिने विचारलं, वर्षाअखेरचे मृत्यू का नाही घ्यायचे? घेता येतात. त्याच लेखात ते आहेत: 12 आणि 24, म्हणजे 22 आणि 46 टक्के. पण मग वाक्यातलं 'सहा महिन्यांनी' बदलायला हवं. एक आकडा सहा महिन्यांचा, दुसरा वर्षाचा आणि काळ एकदाच लिहिलेला, अशी वाक्यं मी छापून आलेल्या लेखांतही वाचली आहेत. आकड्याच्या बरोबरीने छेद, नाव आणि काळ हे तिन्ही तपासायचे, असं तिने स्वतःच्या प्रिंटआउटच्या डोक्यावर लिहून घेतलं.


बुधवार, 5 नोव्हेंबर

त्रिपुरी पौर्णिमेची सुट्टी. संध्याकाळी त्रिपुरवाती लावून झाल्यावर जुन्या फायलीतून रॉय पिटकिन यांचे दोन लेख काढून वाचले. उद्या तिला द्यायचे आहेत.

1999 मध्ये पिटकिन आणि सहकाऱ्यांनी सहा नामवंत वैद्यकीय नियतकालिकांतले प्रत्येकी 44 लेख घेऊन गोषवारे तपासले. गोषवाऱ्यातली माहिती लेखाशी न जुळणारी असेल किंवा लेखात मुळातच नसेल, तर तो सदोष. नियतकालिकागणिक सदोष गोषवाऱ्यांचं प्रमाण 18 पासून 68 टक्क्यांपर्यंत निघालं. हे सगळे लेख संपादक, परीक्षक, मुद्रितशोधक यांच्या हातून गेलेले होते.

त्याच्या आदल्या वर्षीचा लेख मला जास्त विचार करायला लावतो. सुधारणेसाठी परत गेलेल्या लेखांच्या लेखकांपैकी निम्म्यांना गोषवारा नीट तपासण्याच्या खास सूचना पाठवल्या, बाकीच्यांना नाही. शेवटी सदोष गोषवारे सूचना मिळालेल्या गटात 28 टक्के, न मिळालेल्या गटात 26 टक्के. सूचनेने काहीच बदललं नाही.

मला त्यात आश्चर्य वाटत नाही. 'नीट तपासा' ही सूचना मिळाल्यावर माणूस गोषवारा पुन्हा वाचतो, आणि वाचण्याने हे दोष सापडत नाहीत. म्हणून रेसिडेंटला सूचना न देता पेन्सिल देऊन शेजारी बसवायचं, हे मी पूर्वीच ठरवलं.


गुरुवार, 6 नोव्हेंबर

आज राउंडिंग. यावर भांडणं होतात, म्हणून सविस्तर लिहून ठेवते.

मंगळवारच्याच तक्त्यातल्या विश्रांतीच्या गटाची टक्केवारी पूर्णांकात काढायला सांगितली. 4, 13, 3, 12, 6, 14 यांना 52 ने भागून आले 8, 25, 6, 23, 12, 27. बेरीज 101. तिचा चेहरा पडला. परत भागाकार केले, परत 101. इथे चूक कुठेच नाही. चार आकडे वर ढकलले गेले, खाली फक्त एक आला, आणि त्यातून हा जास्तीचा एक जमला. अशा वेळी कुठला तरी आकडा गुपचूप एकने कमी करून 100 करू नये. तक्त्याखाली 'राउंडिंगमुळे बेरीज 100 होत नाही' एवढं लिहावं. आकडा कमी केला, तर तो गोषवाऱ्यात एक, तक्त्यात दुसरा असा फिरायला लागतो आणि परीक्षक भागाकार करून पाहतो.

फरकाचं प्रकरण याहून अवघड. मृत्यूंचं प्रमाण एका दशांशापर्यंत घेतलं तर 26.9 आणि 7.3. वजाबाकी 19.6. पण सॉफ्टवेअर 19.7 दाखवतं. तिने लगेच फुली मारली. फुली पुसायला लावली. 14 भागिले 52 म्हणजे 26.923, 4 भागिले 55 म्हणजे 7.273, आणि खरा फरक 19.650 च्या किंचित वर. तो राउंड केला की 19.7. आधी राउंड करून मग वजाबाकी केली की 19.6. शास्त्रशुद्ध उत्तर 19.7. वजाबाकी नेहमी मूळ आकड्यांवर करायची आणि राउंडिंग अगदी शेवटी, एकदाच. लेखात मात्र एकच आकडा सगळीकडे हवा: तक्ता, मजकूर आणि गोषवारा तिन्हीकडे 19.7. एका जागी हाताने केलेली वजाबाकी आणि दुसऱ्या जागी सॉफ्टवेअरची, असं झालं की दोन वेगळे आकडे छापून येतात.

तपासणाऱ्याला इथे तारतम्य लागतं. शेवटच्या दशांशात एकाचा फरक दिसला, तर आधी राउंडिंगचा संशय घ्यायचा आणि मूळ भागाकार करून पाहायचा. फरक त्याहून मोठा असेल तर राउंडिंगचं निमित्त चालत नाही.

कॉन्फिडन्स इंटरव्हलचीही एक हाताने करायची परीक्षा तिला दाखवली. वरच्या 19.7 भोवती नेहमीच्या सूत्राने 95 टक्क्यांचा इंटरव्हल काढला तर 5.8 ते 33.5 येतो. दोन्ही टोकांची बेरीज करून निम्मं केलं की 19.65. अंदाज बरोबर मधोमध बसतो. टंकताना 33.5 चं 35.3 झालं असतं, तर मध्य 20.55 आला असता आणि चूक मास्टर चार्ट न उघडता दिसली असती. पण ही परीक्षा फरकासाठी. गुणोत्तराचा इंटरव्हल असा मधोमध बसत नाही. तिथे दोन्ही टोकांचा गुणाकार करून वर्गमूळ घ्यावं लागतं. नाहीतर बरोबर आकड्यालाच चूक ठरवलं जाईल. काही पद्धतींनी काढलेले इंटरव्हल मुळातच एका बाजूला झुकलेले असतात. त्यामुळे मध्य जुळला नाही तर चूक सिद्ध होत नाही, फक्त मूळ आउटपुट उघडून पाहायचं कारण मिळतं.


शुक्रवार, 7 नोव्हेंबर

आज तिचा लेख. मी बोट ठेवलं नाही. गोल तिनेच केले, पत्ते तिनेच लिहिले.

सगळ्यात आधी सापडला तो जुना छेद. एका गटाची रुग्णसंख्या गोषवाऱ्यात परिषदेच्या वेळची राहिली होती, तर टक्केवारी नव्या तक्त्यातली. अंश, छेद आणि टक्के तिन्ही शेजारी लिहिलेले असल्यामुळे भागाकार करताच लक्षात आलं. म्हणूनच मी गोषवाऱ्यात नुसती टक्केवारी लिहू देत नाही. अंश आणि छेद सोबत असले की चूक झाकली जात नाही.

दुसरी गोष्ट पी व्हॅल्यूची. तक्त्यात तीन दशांशांचा नेमका आकडा, मजकुरातही तोच, आणि गोषवाऱ्यात 'p < 0.05'. विसंगती म्हणता येणार नाही, पण गोषवारा वाचणाऱ्याला कमी माहिती मिळते. बहुतेक वाचक पबमेडवर गोषवाराच वाचतात, पूर्ण लेख अनेकांना उघडताही येत नाही. नेमका आकडा तिथेच हवा. बदलला.

तिसरी जागा प्रश्नचिन्हाची. गोषवाऱ्याच्या शेवटच्या वाक्यात रुग्णालयातले सरासरी दिवस होते. तक्त्यात नाहीत, मजकुरात नाहीत. तिला आठवलं की गाइड सरांनी तो तक्ता लांबतोय म्हणून काढायला सांगितला होता. तक्ता गेला, त्यातला आकडा गोषवाऱ्यात राहिला. आता दोनच मार्ग: निकालांत एक वाक्य घालायचं, किंवा गोषवाऱ्यातून काढायचा. सरांना फोन केला. ते म्हणाले, "निकालांत घाला, तो आकडा महत्त्वाचा आहे." घातला. तो तक्ता गेल्यामुळे पुढच्या तक्त्यांचे क्रमांकही एकेकाने खाली आले होते आणि मजकुरात दोन ठिकाणी जुने क्रमांक राहिले होते. तेही दुरुस्त झाले.

चर्चेचा पहिला परिच्छेद तपासायचा असतो, हे तिला नवीन होतं. तिथे मुख्य निष्कर्ष पुन्हा सांगितलेला असतो, म्हणजे तोच आकडा चौथ्यांदा लिहिलेला असतो. तिथल्या आकड्यांनाही गोल करून घेतले.


शनिवार, 8 नोव्हेंबर

आज तिसरा माणूस बोलावला. सांख्यिकी सहायकाने लेख कधी वाचला नव्हता, म्हणूनच त्याला. रेसिडेंटने गोषवारा मोठ्याने वाचायचा, आकडा आला की थांबायचं. त्याने समोरच्या तक्त्यातून तोच आकडा मोठ्याने वाचायचा. 'पंधरा दशांश तीन' आणि 'तेरा दशांश पाच' कानाला लगेच वेगळे लागतात. डोळ्याला लागायला वेळ लागतो. दुरुस्त्या करताना नवीन चूक शिरली नाही, हे यातून कळलं.

नंतर त्याने चांगला प्रश्न विचारला: "मॅडम, तक्ताच चुकलेला असेल तर?" तर ही सगळी तपासणी काहीच सांगत नाही. गोषवारा चुकीच्या तक्त्याशी अगदी तंतोतंत जुळेल. त्यासाठी मास्टर चार्टपर्यंत मागे जावं लागतं. आम्ही मुख्य निष्कर्षाची ओळ घेतली, मास्टर चार्टमध्ये फिल्टर लावून संसर्ग झालेले रुग्ण दोन्ही गटांत हाताने मोजले, पाठपुराव्याला न आलेले वेगळे मोजले आणि छेद त्यांच्यासह आहे की त्यांच्याशिवाय, ते तक्त्याच्या तळटीपेशी पडताळलं. जुळलं. सगळ्या ओळी असं मोजायला वेळ नव्हता. मुख्य ओळ न मोजता लेख पाठवायचा नाही, हा नियम मात्र मी सोडत नाही.


सोमवार, 10 नोव्हेंबर

आज सबमिशन. पोर्टलवर गोषवारा वेगळ्या चौकटीत पेस्ट करावा लागतो, आणि तो लेखाच्या फाइलमध्येही असतो. म्हणजे दोन प्रती. तिने चौकटीत टाकलेला मजकूर गुरुवारच्या फाइलमधला निघाला, जुन्या छेदासकट. शुक्रवारची दुरुस्त फाइल उघडून पुन्हा पेस्ट करून घेतला.

पोर्टलने तयार केलेली पीडीएफ सगळ्यात शेवटी पाहिली. चौकटीतल्या मजकुरात '≥' चं चिन्ह उडून तिथे प्रश्नचिन्ह आलं होतं. ते शब्दांत लिहिलं, 'किंवा अधिक'. एका इंटरव्हलच्या दोन आकड्यांमध्ये आडवी रेघ होती आणि खालचं टोक ऋण होतं, त्यामुळे वजाचं चिन्ह कुठलं आणि रेघ कुठली ते कळेना. रेघ काढून 'ते' लिहिलं. पीडीएफ पुन्हा तयार केली, चौकटीतल्या गोषवाऱ्यातल्या प्रत्येक आकड्यावर परत टिक केली आणि साडेचारला लेख गेला.

समासात पत्ते लिहिलेला कागद तिने टाकायला काढला होता. तो ठेवून घ्यायला सांगितलं आणि वर लेखाचा क्रमांक लिहायला लावला. परीक्षकांची उत्तरं आली की आकडे परत बदलतील, आणि कोणत्या तक्त्यातली ओळ बदलली की गोषवाऱ्यातलं कोणतं वाक्य बदलायचं, ते त्या कागदावर आहे.